हरवलेली किल्ली

(मोबाइलमधील सर्व माहिती पुसून तो पुन्हा नव्यासारखा करण्याच्या क्रियेला ‘फॅक्टरी रीसेट’ म्हणतात. पूर्वीच्या मोबाइलमधून अशी पुसलेली माहिती पुष्कळदा परत मिळत असे. आजच्या अँड्रॉइड मोबाइलमधून ती का मिळत नाही, हे या पाठात समजावून सांगितले आहे.)

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक प्रश्न नेहमी ऐकू येतो : ‘‘मोबाइल रीसेट झाला आहे. आतले फोटो परत मिळतील का?’’ विचारणाऱ्याचा चेहरा उतरलेला असतो. कुणाच्या मोबाइलमध्ये लग्नाचे फोटो असतात, कुणाचा उधारीचा हिशेब असतो, तर कुणाच्या वडिलांचा शेवटचा आवाज असतो. मोबाइल तर समोर आहे. तो फुटलेला नाही, पाण्यात पडलेला नाही. ज्या चिपमध्ये फोटो होते ती चिपही जागच्या जागी आहे. मग फोटो गेले कुठे? आणि ते परत का येत नाहीत?

हे समजण्यासाठी आधी पूर्वीच्या मोबाइलमध्ये काय होत असे ते पाहू.

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांची एक नोंदवही असते. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर आहे, हे तिच्यात लिहिलेले असते. समजा, कुणी ती नोंदवही फाडून टाकली. आता पुस्तक सापडणे कठीण होईल. पण पुस्तके काही नाहीशी झालेली नाहीत. ती कपाटांतच आहेत. धीराने एकेक कपाट उघडून पाहिले, तर हवे ते पुस्तक हाती येईलच.

मोबाइलच्या साठवणीतही अशीच एक नोंदवही असते. जुन्या मोबाइलमध्ये फोटो पुसला, की बहुधा या नोंदवहीतली ओळ तेवढी खोडली जाई. फोटो मात्र चिपवर तसाच पडून राही. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो वाचता येत असे. पुसलेले फोटो शोधून देणारी सॉफ्टवेअर याच गोष्टीवर चालत. ती नोंदवहीकडे पाहतच नसत. चिपवरचा एकेक भाग वाचून ‘येथे फोटोची सुरुवात दिसते, येथे शेवट दिसतो’ असे ओळखून ती फोटो बाहेर काढत.

पूर्वी रीसेट केल्यावरही पुष्कळदा एवढेच होत असे. २०१५ साली केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन या संशोधकांनी याची तपासणी केली. त्यांनी पाच कंपन्यांचे २१ वापरलेले अँड्रॉइड मोबाइल घेतले. हे मोबाइल अँड्रॉइडच्या २.३ ते ४.३ या आवृत्त्यांचे होते. ते रीसेट केल्यानंतरही त्यांतून जुनी माहिती बाहेर काढता आली. बहुतेक मोबाइलमधून तर जुन्या मालकाच्या गूगल खात्यात शिरण्यासाठी लागणारी खूणसुद्धा मिळाली. म्हणजे ज्याने आपला मोबाइल पुसून विकला, त्याचे खाते विकत घेणाऱ्याच्या हाती जाऊ शकत होते.

तेव्हा रीसेट केलेला मोबाइल पुरता पुसला जात नव्हता, ही मोठी उणीव होती. ज्याची माहिती चुकून गेली त्याला ही उणीव वरदान वाटे. पण ज्याचा मोबाइल चोरीला गेला त्याच्यासाठी ती संकट होती. ही उणीव दूर करण्यासाठी जो उपाय सर्वत्र आला, त्याचे नाव एन्क्रिप्शन.

एन्क्रिप्शन म्हणजे माहिती सांकेतिक रूपात लिहिणे. एक सोपे उदाहरण घेऊ. प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतले त्याच्या पुढचे अक्षर लिहायचे असे ठरवले. मग ‘क’ चा ‘ख’ होईल, ‘म’ चा ‘य’ होईल आणि ‘ल’ चा ‘व’ होईल. ‘कमल’ हा शब्द ‘खयव’ असा लिहिला जाईल. ज्याला ही युक्ती माहीत आहे, तो ‘खयव’ वाचून लगेच ‘कमल’ म्हणेल. ज्याला माहीत नाही, त्याला त्या अक्षरांत काही अर्थ दिसणार नाही. ‘एक अक्षर पुढे’ ही या लेखनाची किल्ली झाली.

ही किल्ली फार साधी आहे. एक अक्षर पुढे, दोन अक्षरे पुढे, तीन अक्षरे पुढे असे करत गेले, तर थोड्याच वेळात कुणालाही ती सापडेल. मोबाइलमधली किल्ली अशी नसते. ती एक प्रचंड मोठी संख्या असते. अशा किती वेगवेगळ्या किल्ल्या असू शकतात, हे सांगणारी संख्या ७८ अंकी आहे. एखादे यंत्र दर सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहू लागले, तरी सगळ्या किल्ल्या संपायला लागणाऱ्या वर्षांचा आकडा ५८ अंकी होईल. म्हणून ही किल्ली ‘शोधून काढणे’ हा मार्गच बंद आहे.

आजच्या मोबाइलमध्ये तुम्ही काढलेला फोटो, लिहिलेला संदेश, भरलेला आवाज हे सारे चिपवर सांकेतिक रूपातच लिहिले जाते. तुम्ही पडद्यावरचे कुलूप उघडले, की मोबाइल किल्ली वापरून माहिती उलगडतो आणि तुम्हाला फोटो नेहमीसारखा दिसतो. हे इतक्या वेगाने होते, की मध्ये काही घडते आहे याची आपल्याला जाणीवही होत नाही. २०१५ साली अँड्रॉइड ६ आले, तेव्हापासून पुरेशा वेगवान अशा नव्या मोबाइलना हे एन्क्रिप्शन सक्तीचे झाले. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून ते सर्व नव्या मोबाइलना, अगदी स्वस्तातल्या मोबाइलनाही, सक्तीचे झाले. तेव्हा आज आपल्या हातात असलेला मोबाइल बहुधा असाच असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते, की आपण पडद्यावर टाकतो तो पिन किंवा पॅटर्न म्हणजेच ही किल्ली. तसे नाही. खरी किल्ली मोबाइल स्वतः तयार करतो. ती सोडतीतल्या चिठ्ठीसारखी, कोणत्याही नियमाशिवाय निवडलेली असते. ती कुणाला सांगितली जात नाही. मोबाइलच्या मालकाला ती माहीत नसते आणि मोबाइल बनवणाऱ्या कंपनीलाही माहीत नसते.

मग पिनचे काम काय? बँकेतील लॉकर आठवा. तो उघडायला दोन किल्ल्या लागतात. एक ग्राहकाकडे असते आणि दुसरी बँकेकडे. दोन्हींपैकी एक नसेल, तर लॉकर उघडत नाही. मोबाइलची खरी किल्ली अशाच एका लॉकरमध्ये ठेवलेली असते. तुमचा पिन ही ग्राहकाची किल्ली. बँकेची किल्ली मोबाइलच्या आत, एका सुरक्षित भागात, लपवलेली असते. तो भाग ती कधीही बाहेर देत नाही. पिन बरोबर आला, तरच तो लॉकर उघडायला मदत करतो. कुणी वारंवार चुकीचा पिन टाकला, तर तो दोन प्रयत्नांमधला वेळ वाढवत नेतो.

यावरून दोन गोष्टी कळतात. पिन बदलायला एक क्षण पुरतो, याचे कारण असे की पिन बदलल्यावर फक्त लॉकरची किल्ली बदलते. आतली खरी किल्ली तीच राहते, म्हणून हजारो फोटो पुन्हा नव्याने लिहावे लागत नाहीत. दुसरी गोष्ट अशी, की मोबाइलमधून साठवणीची चिप काढून ती दुसऱ्या यंत्रावर वाचली, तरी उपयोग होत नाही. चिपवर ‘खयव’ आहे. ‘कमल’ करणारी किल्ली मात्र लॉकरमध्ये आहे, आणि लॉकर उघडणारा सुरक्षित भाग त्या चिपबरोबर आलेला नाही.

आता रीसेटच्या वेळी काय होते ते क्रमाने पाहू.

आपण रीसेटची आज्ञा दिली, की मोबाइल बंद होऊन एका खास अवस्थेत सुरू होतो. या अवस्थेला रिकव्हरी म्हणतात. पॅटर्न विसरलेला असेल, तर दुकानदार पॉवर आणि आवाजाचे बटण एकत्र दाबून मोबाइलला याच अवस्थेत नेतो. तेथे `Wipe data/factory reset` अशी ओळ दिसते. ती निवडली, की मोबाइल आपल्या साठवणीचा मालकाच्या माहितीचा भाग मोकळा करतो. त्याच वेळी लॉकरमध्ये ठेवलेल्या किल्ल्याही नष्ट होतात.

येथेच सगळे संपते. अँड्रॉइडमध्ये किल्लीच्या राखणीसाठी १६ किलोबाइटची एक छोटी फाइल ठेवण्याची रीत आहे. तिच्यात नुसते अर्थहीन, सोडतीने निवडलेले आकडे असतात. लॉकर उघडताना हे आकडेही जसेच्या तसे लागतात. त्यातला एक बदलला, तरी लॉकर उघडत नाही. विचार करा, मोबाइलची साठवण १२८ गिगाबाइटची असेल, तर ती या फाइलच्या सुमारे ८० लाख पट आहे. तेवढी सारी साठवण घासून पुसायला बराच वेळ लागेल. पण किल्ली आणि ही चिमुकली फाइल पुसायला क्षणभर पुरतो. म्हणूनच रीसेट काही मिनिटांत पूर्ण होतो. एवढ्या मोठ्या कोठारातली पोती एकेक करून जाळावी लागत नाहीत; कोठाराची एकमेव किल्ली वितळवली की काम झाले.

यानंतर मोबाइल नवीन किल्ली तयार करतो आणि रिकाम्या साठवणीची नवी नोंदवही मांडतो. ही नवी किल्ली जुन्या किल्लीसारखी नसते. म्हणून तुम्ही तोच जुना पिन पुन्हा ठेवला, त्याच गूगल खात्याने शिरलात, तरी जुनी माहिती उलगडत नाही. पिन तोच असला, तरी लॉकर नवा आहे आणि त्यातली किल्लीही नवी आहे.

शिवाय दुसरा घावही बसतो. ‘ही जागा आता मोकळी आहे’ असे मोबाइल साठवणीच्या चिपला कळवतो. या चिपमध्ये जुन्या मजकुरावर नवा मजकूर थेट लिहिता येत नाही. आधी जागा कोरी करावी लागते. म्हणून मोकळ्या म्हणून कळवलेल्या जागा चिप सवडीने स्वतःच कोऱ्या करू लागते. म्हणजे आधी किल्ली जाते आणि मागोमाग ते सांकेतिक लेखनही जाऊ लागते.

आता एका घरात असे घडले, तर काय परत येईल आणि काय येणार नाही, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, सायराचे कुटुंब मालेगावात राहते. तिच्या अब्बांचे चार यंत्रमाग आहेत. अब्बांच्या मोबाइलमध्ये पाच गोष्टी महत्त्वाच्या आहेत : सुमारे तीनशे लोकांचे नंबर, घरचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, कारागिरांच्या मजुरीचा हिशेब आणि दादीजानच्या आवाजातील अकरा गोष्टी. दादीजान आता हयात नाहीत. सायराने त्यांच्याजवळ बसून या गोष्टी मोबाइलमध्ये भरून घेतल्या होत्या.

मार्च महिन्यात सायराच्या धाकट्या भावाने खेळता खेळता पॅटर्न बदलला आणि तो विसरला. त्याला जुना पॅटर्न माहीत होता, म्हणूनच त्याला तो बदलता आला. अब्बांनी मोबाइल दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, ‘‘चाचा, कुलूप उघडेल, पण रीसेट करावे लागेल.’’ अब्बांनी ‘रीसेट’ या शब्दाचा अर्थ विचारला नाही. मोबाइल दहा मिनिटांत सुरू झाला. मोबाइलने आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागितला. तो अब्बांना आठवत होता.

नंबर सगळे परत आले. ते मोबाइलमध्ये नव्हे, तर गूगल खात्यात साठवलेले होते. खात्यात शिरताच ते पुन्हा उतरले.

फोटो अर्धवट आले. त्यांची प्रत गूगल फोटोजमध्ये आपोआप जात होती. पण गूगल खात्यातील १५ गिगाबाइटची फुकट जागा नोव्हेंबरमध्ये भरली. त्या दिवसापासून प्रत जाणे थांबले. मोबाइल तशी सूचना दाखवत होता. घरातल्या कुणी ती वाचली नाही. नोव्हेंबरपर्यंतचे फोटो मिळाले. डिसेंबरमधल्या साखरपुड्याचा एकही फोटो मिळाला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेशही नोव्हेंबरपर्यंतचेच मिळाले, कारण त्यांची प्रत त्याच खात्यात, त्याच भरलेल्या जागेत जात होती. व्हॉट्सअ‍ॅप मोबाइलमध्येही रोज एक प्रत ठेवते. परंतु ती मोबाइलच्याच साठवणीत असते. त्यामुळे रीसेटबरोबर तीही गेली. जी प्रत मूळ वस्तूच्याच घरात राहते, ती घराला आग लागल्यावर वाचत नाही.

मजुरीच्या हिशेबाची कहाणी वेगळी आहे. तो एका अ‍ॅपमध्ये होता. अशा अ‍ॅपच्या माहितीची प्रत अँड्रॉइडच्या बॅकअपमध्ये जाऊ शकते आणि ती गेलीही होती. पण २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ पासून हा बॅकअपही पडद्यावरच्या कुलपाने बंद केलेला असतो. तो उतरवताना मोबाइलने विचारले : ‘पूर्वीच्या मोबाइलचा पॅटर्न काढा.’ जो पॅटर्न आठवत नाही म्हणून मोबाइल रीसेट केला, तोच पॅटर्न! थोड्या प्रयत्नांनंतर तो मार्गही बंद झाला. प्रत होती, पण तिची किल्ली नव्हती.

आणि दादीजानच्या गोष्टी? त्या मोबाइलच्या साठवणीत, एका फोल्डरमध्ये होत्या. त्यांची प्रत कुठेही गेलेली नव्हती. दहा गोष्टी कायमच्या गेल्या. अकरावी गोष्ट सायराने एकदा धुळ्याच्या फुफीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. ती फुफीच्या मोबाइलमध्ये सापडली. अकरा गोष्टींपैकी जी एक वाचली, ती वाचण्याचे कारण एकच : ती दुसऱ्या ठिकाणीही होती.

अशा वेळी माणूस हताश होतो आणि कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवतो. ‘रीसेटनंतरही सर्व फोटो परत’ अशा जाहिराती करणारी सॉफ्टवेअर असतात. ती चालवली, की पडद्यावर ‘दोन हजार फोटो सापडले’ असे दिसते. हे फोटो कोणते, ते नीट पाहिले पाहिजे. पुष्कळदा ती अ‍ॅपमधली छोटी चित्रे असतात, किंवा खात्यातून नुकतेच पुन्हा उतरलेले फोटो असतात. पैसे देण्यापूर्वी एकच परीक्षा घ्यावी : ज्याची प्रत कुठेही नव्हती असा एक जुना फोटो पूर्ण आकारात उघडून दाखवायला सांगावे. आजच्या एन्क्रिप्शन असलेल्या मोबाइलवर ही परीक्षा उतरत नाही.

मग ‘जवळजवळ अशक्य’ यातील ‘जवळजवळ’ कशासाठी? काही अपवाद आहेत म्हणून. फार जुन्या, एन्क्रिप्शन नसलेल्या मोबाइलमधून अजूनही काही मिळू शकते. मेमरी कार्ड साधे असेल, तर ते काढून संगणकाला लावून पाहावे. रीसेटने ते सहसा पुसले जात नाही. मात्र ते कार्ड मोबाइलच्या अंतर्गत साठवणीचा भाग म्हणून जोडलेले असेल, तर तेही सांकेतिक असते. त्याची किल्ली मोबाइलमध्ये असल्यामुळे रीसेटनंतर ते कार्ड निरुपयोगी ठरते. सिम कार्डवर लिहिलेले नंबर शाबूत राहतात. आणि फुफीच्या मोबाइलसारख्या ठिकाणी, आपण पूर्वी पाठवलेल्या गोष्टी असू शकतात. नीट पाहिले तर कळेल, की जुने मोबाइल सोडले तर यांपैकी एकही वाट पुसलेल्या साठवणीतून जात नाही. प्रत्येक वाट दुसऱ्या जागेकडे जाते.

म्हणून खरे काम रीसेटच्या आधीचे आहे. मोबाइल उघडत असेल, तर हव्या त्या वस्तू संगणकावर, पेन ड्राइव्हवर किंवा खात्यात उतरवून घ्याव्यात. नुसते ‘बॅकअप चालू आहे’ यावर विसंबू नये. गूगल फोटोजमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवले, की प्रत पूर्ण झाली आहे की थांबली आहे हे दिसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या `Chat backup` या पानावर शेवटच्या प्रतीची तारीख असते. सर्वांत खात्रीची तपासणी म्हणजे दुसऱ्या मोबाइलवर किंवा संगणकावर `photos.google.com` उघडून आपल्या खात्यात शिरावे आणि काल काढलेला फोटो तेथे दिसतो का ते पाहावे. दिसला, तर प्रत आहे. दिसला नाही, तर नाही.

आणि पॅटर्नच आठवत नसेल तर? मग घाई करू नये. कुलूपबंद मोबाइलमधली माहिती सांकेतिक असली, तरी ती शाबूत असते, कारण किल्ली अजून लॉकरमध्ये आहे. मोबाइल बंद करून कपाटात ठेवावा. ज्याने पॅटर्न बदलला त्याला शांतपणे विचारावे, त्याच्या बोटांची सवय आठवू द्यावी. तोपर्यंत काम दुसऱ्या मोबाइलवर चालवावे. दुसऱ्या मोबाइलवरून आपल्या खात्यात काय आहे आणि काय नाही, याची यादी करावी. विसरलेला पॅटर्न आठ दिवसांनीही आठवू शकतो. पुसलेली किल्ली मात्र कुणालाच आठवत नाही, कारण ती कुणाला कधी माहीतच नव्हती.

ज्या कुलपामुळे चोराला आपले फोटो पाहता येत नाहीत, तेच कुलूप किल्ली गेल्यावर आपल्यालाही आत येऊ देत नाही. मालक कोण आणि चोर कोण, हे त्याला कळत नाही; त्याला फक्त किल्ली कळते. सायराच्या अब्बांनी ‘रीसेट करावे लागेल’ हे वाक्य ऐकल्यावर एक प्रश्न विचारायला हवा होता : ‘‘यातले काय काय दुसरीकडे आहे?’’ दहा गोष्टींचे उत्तर ‘कुठेही नाही’ असे मिळाले असते, आणि मोबाइल तसाच, न उघडलेला, घरी परत गेला असता.

शब्दार्थ

उणीव – कमतरता
वरदान – मोठा लाभ, देणगी
सांकेतिक – ठरलेल्या खुणांनी लिहिलेले
उलगडणे – मोकळे करणे, समजेल असे करणे
सोडत – चिठ्ठी टाकून केलेली निवड
कोठार – धान्य साठवण्याची मोठी जागा
सवडीने – मोकळा वेळ मिळेल तसे
शाबूत – सुरक्षित, न बिघडलेले
हयात – जिवंत
हताश – निराश
विसंबणे – भरवसा ठेवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फॅक्टरी रीसेट म्हणजे काय?
(आ) केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी किती मोबाइल तपासले?
(इ) एन्क्रिप्शन सर्व नव्या अँड्रॉइड मोबाइलना कधीपासून सक्तीचे झाले?
(ई) दादीजानची एक गोष्ट कोठे सापडली?

२. कारणे लिहा.
(अ) रीसेट काही मिनिटांत पूर्ण होतो.
(आ) मोबाइलमधील चिप काढून दुसऱ्या यंत्रावर वाचली, तरी फोटो दिसत नाहीत.
(इ) रीसेटनंतर तोच जुना पिन ठेवला, तरी जुनी माहिती मिळत नाही.
(ई) मजुरीच्या हिशेबाची प्रत असूनही तो हिशेब मिळाला नाही.

३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ग्रंथालयाच्या नोंदवहीचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
(आ) बँकेचा लॉकर आणि मोबाइल यांतील साम्य सांगा.
(इ) पॅटर्न आठवत नसेल, तर काय करावे?

४. ‘एक अक्षर पुढे’ या किल्लीने लिहिलेला ‘भधख’ हा शब्द उलगडा. याच किल्लीने ‘नगर’ हा शब्द सांकेतिक रूपात लिहा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
चेहरा उतरणे, हाती येणे, शब्दावर विश्वास ठेवणे.

६. उपक्रम : घरातील मोठ्यांच्या मदतीने घरच्या मोबाइलमधील पाच महत्त्वाच्या गोष्टींची यादी करा. प्रत्येकीपुढे तिची प्रत कोठे आहे ते लिहा. ज्या गोष्टीची प्रत कोठेही नाही, तिच्यासमोर खूण करा.